बिलातला मान्य भाग देऊन टाकायचा की सगळंच अडवून ठेवायचं?

अंधेरीचा_ऑफिसवाला: ऑफिसच्या रंगकामाचं बिल आलंय. रंगकाम ७०,०००, फॉल्स सीलिंग दुरुस्ती १८,००० आणि 'रात्रपाळीची जादा मजुरी' १२,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. जादा मजुरी वर्क ऑर्डरमध्ये नव्हती, कोणी मंजूर पण केली नाही. बाकी काम चोख. एकाच मेलमध्ये पैसे आणि वाद दोन्ही कळवू की बिल सुधारून येईपर्यंत थांबू?

लालबागचा_व्यापारी: एक पैसा सोडू नका. पैसे गेले की हे लोक फोन उचलत नाहीत, मग ते १२ हजार कोण काढणार? सरळ सांगा, नवीन बिल आणा आणि पेमेंट घेऊन जा. तीस वर्षं असंच चाललंय आमचं.

जुनी_अकाउंट्सवाली: दादा, ते १२ हजार काढायचे कुठेत, ते तर ऑफिसवाल्यांच्याच खिशात आहेत ना. आणि कंत्राटदार सरकारच्या उद्यम पोर्टलवर रजिस्टर्ड छोटा असेल तर मान्य ८८ हजार अडवायला कारणच नाही, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करारात मुदत नसेल तर १५, त्यानंतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी एकाच मेलच्या बाजूने आहे. वेगवेगळे मेल गेले की काय होतं, पेमेंटचा मेल त्यांच्या अकाउंट्सला जातो, वादाचा मेल साइट सुपरवायझरकडे, आणि महिनाअखेरीस लेजरवर नुसतं '१४,१६० बाकी' दिसतं, वाद कुठेच नाही. मेल इंग्रजीतच जाईल तुमचा, पण मजकूर साधारण असा:

"आपल्या अमुक नंबरच्या बिलापैकी रंगकाम आणि सीलिंग, ८८,००० अधिक जीएसटी १५,८४० असे १,०३,८४० आम्हाला मान्य. २ टक्के टीडीएस १,७६० कापून १,०२,०८० आज पाठवले, यूटीआर अमुक. ही रक्कम फक्त या दोन ओळींपोटी जमा करावी. जादा मजुरी १२,००० अधिक जीएसटी २,१६० अमान्य, कारण वर्क ऑर्डरमध्ये नाही आणि लेखी मंजुरी नाही. मंजुरीचा पुरावा असल्यास अमुक तारखेपर्यंत पाठवा, नसल्यास १४,१६० ची क्रेडिट नोट द्या. या पेमेंटने उरलेली रक्कम मान्य केली असा अर्थ होत नाही."

टीडीएसचा आकडा मुद्दाम वेगळा लिहा, नाहीतर कमी आलेले १,७६० पण ते वादातच धरतात. 'फुल अँड फायनल' हे शब्द मात्र चुकून पण नको, तुम्हाला दुसरा आकडा अजून मिटवायचाय.

सोसायटीग्रस्त_बोरिवली: अगदी हेच आमच्याकडे! पाण्याचा चार्ज मान्य नाही म्हणून बाकीचा मेंटेनन्स भरला, तर कमिटीने माझे पैसे आधी जुन्या व्याजात वळते केले आणि या महिन्याचं बिल परत बाकी दाखवलं. वर मलाच डिफॉल्टर म्हणतात.

जुनी_अकाउंट्सवाली: सोसायटीचं बायलॉजवर जातं, त्यात मी पडत नाही. पण धंद्यात पैसे देणाऱ्याने कशापोटी देतोय ते सांगितलं तर घेणाऱ्याला तसंच जमा करावं लागतं, सांगितलंच नाही तर तो ठरवतो. म्हणून ती ओळ.

टॅक्सवाला_पोरगा: बरोबर आहे, फक्त बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत आक्षेप घ्या, नाहीतर उद्यमवाल्यापुढे चालत नाही. जीएसटी क्रेडिट पूर्ण १८ हजार घ्या, जीएसटी पोर्टलवरच्या २बी मध्ये बिल दिसतंय ना मग झालं.

जुनी_अकाउंट्सवाली: १५ दिवस खरे, पण काम पूर्ण होऊन ताब्यात मिळाल्यापासून, बिलापासून नाही. बिल वीस दिवसांनी आलं तर मुदत आधीच संपलेली असते, म्हणून जादा मजुरीची कुणकुण लागली की तेव्हाच लेखी टाका. क्रेडिटचं, २,१६० घेऊ नकाच, १८० दिवसांत ते पैसे दिले नाहीत तर व्याजासकट परत करावं लागतं, आणि तुम्ही तर देणारच नाही म्हणताय.

फ्रीलान्सर_दादर: मी दुसऱ्या बाजूची. क्लायंट अर्धे पैसे टाकून 'बाकी रिव्ह्यूमध्ये' लिहितो आणि गायब. किती अडवले, का अडवले, काहीच नाही. असला मेल तुमच्याकडून आला ना तर मी पाया पडेन.

लालबागचा_व्यापारी: पण ताई, समोरचा म्हणाला की मंजुरी तुमच्या मॅनेजरने तोंडी दिली होती, तर?

जुनी_अकाउंट्सवाली: तर भांडण खरं आहे. मॅनेजरला आधी विचारा, मेल नंतर.

अंधेरीचा_ऑफिसवाला: मॅनेजर म्हणतो, "रात्री करा म्हटलं होतं, पैशाचं बोललो नाही."

लालबागचा_व्यापारी: घ्या! आता अर्धे तरी द्यावे लागतील.

टॅक्सवाला_पोरगा: का? वर्क ऑर्डरमध्ये वेळ लिहिलीये का ते बघा पहिलं. दिवसा काम करायचं असं असेल तर कंत्राटदार जादा दर मागेल.