मदत हवी आहे: बेटाखालचं गोडं पाणी आटताना कसं दाखवू?

नववीच्या मुलांसोबत मालदीवसारख्या प्रवाळबेटाचं मॉडेल करतोय. 60 सेंमी लांब, अरुंद काचटाकीत मधोमध धुतलेल्या वाळूचं बेट, दोन्ही बाजूंना लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेला 'समुद्र' आणि वरून लाल रंगाचा गोड्या पाण्याचा पाऊस. पहिल्यांदा तांब्याने भसकन ओतलं, तर सगळीच टाकी लालेलाल झाली. झारीने थेंबथेंब सोडल्यावर मात्र खाऱ्या पाण्यावर तरंगणारं गोड्या पाण्याचं भिंग छान तयार झालं. (समुद्रपातळीच्या वर 1 भाग, तर खाली साधारण 40 भाग, हे पुस्तकातलं प्रमाण मोजायच्या भानगडीत पडलो नाही.)

अडलंय पुढे. हिमनद्या वितळून समुद्र वाढला, असं दाखवायला पाऊस तेवढाच ठेवून खारं पाणी 2 सेंमीने वाढवलं. भिंग आटायच्या ऐवजी जसंच्या तसं वर सरकलं!

बेटाच्या कडा मी जवळपास उभ्या ठेवल्या होत्या आणि माथा पाण्याच्या 8 सेंमी वर. खरी बेटं बसकी असतात, त्यामुळे किनारा बुडून रुंदी घटते, शिवाय भूजलाला वर चढायला जागाच उरत नाही. माझी चूक इथेच आहे ना? टाकी बदलता येणार नाही. मग वाळूचा उतार आणि माथ्याची उंची किती ठेवू, म्हणजे तेवढ्याच 2 सेंमीत भिंग आक्रसताना मुलांना डोळ्यांनी दिसेल?