मंजुरीपत्रापेक्षा जास्त प्रोसेसिंग फी कापली? बँकेला पत्र दिलं असेल तर अनुभव सांगा

दारव्हा तालुका, पीठगिरणी
सुरुवात मीच करते. गिरणीसाठी मागच्या वर्षी 4 लाखांचं कर्ज घेतलं. मंजुरीपत्रात फी 1 टक्का अधिक जीएसटी. म्हणजे 4,000 आणि 720, एकूण 4,720. पासबुक भरून आणलं तर 7,080 कापलेले. शाखेत म्हणाले, "ताई, सिस्टीमच कापते." घरी येऊन पत्र लिहिलं:

"मंजुरीपत्रातील फीच्या अटीनुसार रु. 4,720 देय असताना माझ्या खात्यातून रु. 7,080 वजा झाले आहेत. जादा घेतलेले रु. 2,360 परत जमा करावेत, अथवा ही आकारणी कोणत्या अटीनुसार केली ते लेखी कळवावे."

मंजुरीपत्राची आणि पासबुकाच्या पानाची झेरॉक्स जोडली. काउंटरवर पत्र ठेवून घेतलं, पण पोच देईनात. तासभर तिथेच बसले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच उठले. अकराव्या दिवशी 2,360 जमा झाले.

काटोल, संत्रा बागाईतदार
फरक जीएसटीचाच असतो हो. मलाही 3,000 सांगून 3,540 कापले. उगाच भांडून आलो. पत्रबित्र लिहून काही होत नाही.

हिंगणघाट, निवृत्त बँक कर्मचारी
काटोलवाले भाऊ, तुमचा हिशेब बरोबर, 540 हा जीएसटीच. पण ताईंचं तसं नाही. कापलेल्या रकमेला 1.18 ने भागा. 7,080 चे 6,000 येतात, म्हणजे दीड टक्का लावला. बहुतेक खातं उघडताना दुसऱ्याच योजनेचा दर पडला. पत्रात ही फोड लिहिली की शाखेला चूक लगेच सापडते, आणि जादा फीवरचा जीएसटीही परत मागता येतो.
1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांना केएफएस, म्हणजे कर्जाचे व्याज, फी असे सगळे आकार लिहिलेलं पत्रक, बँकेला द्यावंच लागतं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. म्हणून सही केलेल्या कागदांत वाढीव दराला संमती तर नाही ना, हे आधी बघा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करा. तिथे ती शिक्क्याची प्रतच कामी येते.

मेहकर, शेतकरी
मायं तर कर्जच नामंजूर झालं बावा, अन् वकिलाच्या सर्च रिपोर्टचे 2,500 गेले. तेबी परत भेटतीन का?

हिंगणघाट
ती प्रोसेसिंग फी नाही भाऊ. वकिलाने काम केलं असेल तर ते पैसे परत मिळणं कठीण. पावती मात्र मागा.

दारव्हा
माझं एक राहिलंच. फी कर्जखात्यातूनच वळती केली होती, म्हणजे त्या 2,360 वर मी दोन महिने व्याज भरलं. तेही मागितलं, तर शाखा म्हणते तशी तरतूद नाही. दुसरं पत्र कालच दिलं. असं व्याज कुणाला परत मिळालंय का?