एकच सॉफ्टवेअर बिल, तीन शाखा: उलाढालीने वाटायचं की लायसन्सने?

हिशेबनीस_पुणे: बिलिंग सॉफ्टवेअरचं वर्षाचं बिल आलंय: १,८०,००० आणि वर जीएसटी ३२,४००. लायसन्स ४०, पुणे २४, नाशिक १०, पणजी ६. मालक म्हणतात उलाढालीच्या प्रमाणात वाटा (पुणे ५० टक्के, बाकी दोघं २५-२५). पणजीचे मॅनेजर अजिबात तयार नाहीत. तुम्ही काय करता?

गणेश_ट्रेडर्स: मालकांचं बरोबर आहे. उलाढाल ऑडिट झालेली असते, तिच्यावर वाद नाही. लायसन्सचे आकडे दर महिन्याला हलतात. जो जास्त कमावतो त्याने जास्त उचलावं.

वसुधा_कॉस्टिंग: गणेशराव, ऐपत बघून खर्च टाकला तर शाखेचा नफा खोटा दिसतो. विकणारा लायसन्समागे ४,५०० घेतो, म्हणून त्याच मापाने पुण्यावर १,०८,०००, नाशिकवर ४५,०००, पणजीवर २७,०००. उलाढालीने पणजीवर ४५,००० पडतात. हंगाम चांगला गेला म्हणून १८,००० जास्त! शिवाय पुण्याने उद्या पाच लायसन्स वाढवली तर त्यातलाही चौथा हिस्सा पणजीच्या माथी. मग पुणेवाले हात आखडता घेतील कशाला? आकडे हलतात ना, तर १ एप्रिलची यादी वर्षभर कायम धरा. मध्ये वाढलेलं लायसन्स ज्याने मागितलं त्याच्या खाती.

दवाखाना_अकाउंट्स: आमच्याकडे वीजबिल चौरस फुटांवर वाटायचे. एक्स-रे आणि लॅबच्या खोल्या लहान, वीज मात्र भरपूर. त्यांचा भार ओपीडीवर जायचा. सबमीटर बसवले आणि भांडण मिटलं. तुम्हीही मीटर लावा.

हिशेबनीस_पुणे: ताई, इथे मीटर म्हणजे लायसन्सची यादीच, ती आहे.

गणेश_ट्रेडर्स: पण जीएसटीत कायदाच उलाढाल सांगतो, त्याचं काय?

वसुधा_कॉस्टिंग: तिथे तुमचं बरोबर, पण ते बिलावर भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटपुरतंच. गोव्याचा जीएसटी नंबर वेगळा, त्यामुळे १ एप्रिल २०२५ पासून अशा सामाईक सेवेचं क्रेडिट आयएसडी, म्हणजे क्रेडिट वाटण्यासाठीच्या वेगळ्या जीएसटी नोंदणीतूनच वाटावं लागतं, मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या प्रमाणात. म्हणजे ३२,४०० पैकी गोव्याला ८,१०० आणि महाराष्ट्राला २४,३००. पुणे-नाशिक एकाच नंबराखाली, त्यांच्यात क्रेडिट वाटायचं कारणच नाही. बिल मात्र आयएसडी नंबरावर मागवा, आणि त्या नंबराचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-६, पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत भरा. खर्चात पणजी १५ टक्के, क्रेडिटमध्ये २५. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कोणीतरी 'चूक आहे' म्हणून जुळवायला जातं. व्हाउचरच्या नॅरेशनमध्येच कारण लिहून ठेवा.

हिशेबनीस_पुणे: हे मालकांना दाखवतो. एक राहिलं: पणजीच्या सहापैकी दोन लायसन्सवर अजून कोणी लॉगिनच केलेलं नाही. त्यांचे ९,००० कोणाचे?

वसुधा_कॉस्टिंग: मागितली असतील तर पणजीचेच.

गणेश_ट्रेडर्स: नाही पटत. चाळीस एकदम हेड ऑफिसने घेतली असतील तर रिकामी दोन हेड ऑफिसने सोसावीत. आधी मागणीचा मेल शोधा.