मदत हवी आहे: बेस्टच्या भाडेवाढीची बातमी लिहितोय, रोजच्या प्रवाशाला महिन्याला किती जास्त पडतात हे नीट कसं काढायचं?

नवखा_वार्ताहर

नमस्कार मंडळी, मी एका छोट्या साप्ताहिकात नुकताच लागलोय. ९ मे २०२५ पासून बेस्टची भाडेवाढ लागू झाली त्यावर संपादकांनी बातमी सांगितली आहे, पण नुसता दरांचा तक्ता नको म्हणाले, एका रोज प्रवास करणाऱ्या माणसाला महिन्याला नेमके किती रुपये जास्त जाणार ते काढून लिही म्हणाले. दर माझ्याकडे आहेत. साध्या बसचे पाच किलोमीटरपर्यंत ५ चे १० झाले, दहापर्यंत १० चे १५, पंधरापर्यंत १५ चे २०. एसीचे तेच टप्पे ६ चे १२, १३ चे २० आणि १९ चे ३०.

एक प्रवासी पण मिळालाय. मालाड पूर्वेला राहतो, घरापासून स्टेशनपर्यंत बस, मग लोकलने चर्चगेट, तिकडून नरिमन पॉइंटला परत बस, संध्याकाळी तसंच उलटं. आता प्रश्न असा की ३० दिवस धरू की २५, एसी धरू की साधी, आणि पासचं काय करायचं? आणि बातमीत एकच आकडा द्यायचा की दोन-तीन? कुणी अशी बातमी केली असेल तर प्लीज सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची आहे.

कुर्लेकर७७

अरे सोपं आहे, किमान भाडं दुप्पट झालं, महिन्याचा पास पण ९०० चा १८०० झाला म्हणजे दुप्पटच, मग सरळ लिही की मुंबईकरांचा बसचा खर्च दुप्पट झाला. एवढी गणितं कशाला.

डेस्कवाली_ताई

कुर्लेकर, पाच किलोमीटरच्या आतल्या प्रवाशासाठी तुमचं बरोबर आहे, पण पुढच्या टप्प्याला तसं नाही. एसीचे १३ चे २० म्हणजे साधारण ५४ टक्के वाढ आणि साध्या बसचे १५ चे २० म्हणजे फक्त तेहेतीस. "सगळ्यांचा खर्च दुप्पट" असं छापलं तर दादरहून लांब जाणारा वाचक तिकीट काढून दाखवेल आणि बातमी पडली.

नवखा, तुझा प्रवासी खूप चांगला मिळालाय, त्याला सोडू नकोस. त्याच्या दिवसाला चार बस होतात हे लक्षात घे. बरेच जण अशा बातमीत जाणं आणि येणं असे दोनच प्रवास धरतात पण मुंबईत स्टेशनच्या दोन्ही टोकांना बस घेणारे भरपूर आहेत आणि ही वाढ खरी बसते ती त्यांनाच. एसीने गेला तर प्रत्येक बसला ६ रुपये जास्त, चार बसचे २४, महिन्यात २५ दिवस कामावर जात असेल तर ६०० रुपये जास्त. आधी ६०० जायचे आता १२०० जाणार. साध्या बसने गेला तर प्रत्येकी ५, दिवसाला २०, महिन्याला ५००.

आता याच्या शेजारी दुसरा प्रवासी ठेव, जो वरळीहून सायनला एकाच एसी बसने जातो, तिकीट पाच ते दहाच्या टप्प्यातलं. त्याचे १३ चे २० झाले, जाऊन येऊन दिवसाला १४ जास्त, २५ दिवसांचे ३५०. म्हणजे बसमध्ये कमी अंतर जाणाऱ्याला महिन्याला जास्त भुर्दंड पडतोय. माझ्या मते तुझी बातमी हीच आहे, तक्ता खाली चौकटीत टाक.

आणि "खिशाला कात्री" हे शब्द मथळ्यात नको, तिथे ६०० हा आकडाच टाक.

नवखा_वार्ताहर

ताई खूप आभार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की जवळ जाणाऱ्याला जास्त पडतात. पण किलोमीटर कसे मोजू? गूगल मॅपवर त्याच्या घरापासून स्टेशन साडेचार दाखवतंय, म्हणजे अगदी काठावर आहे.

डेस्कवाली_ताई

मॅपवर जाऊच नकोस. बेस्टचं अंतर त्यांच्या थांब्यांच्या आणि भाड्याच्या टप्प्यांवरून धरलं जातं, बस वळसा घेत असेल तर तो पण त्यात येतो. त्यापेक्षा माणसाला विचार की ८ मेपर्यंत किती रुपयांचं तिकीट काढायचास आणि आज किती काढलंस, आणि दोन्हीचे फोटो किंवा ऍपवरची नोंद माग. सहा द्यायचा तो आता बारा देतो, तेरावाला वीस, एकोणीसवाला तीस. मॅपपेक्षा हा पुरावा पक्का.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती चालत नाही. पंधरा किलोमीटरच्या पुढे आधी सरसकट २० आणि एसीला २५ होते, कितीही लांब जा. आता त्याचे तुकडे केलेत, पंधरा ते वीसला ३० आणि ३५, वीस ते पंचवीसला ३५ आणि ४०, आणि पुढे अजून वाढत जातं. त्यामुळे जुनं तिकीट २५ चं होतं एवढ्यावरून नवं कळत नाही, तिथे आजचं तिकीट बघावंच लागतं.

सांगलीची_मुलगी

माझं पण सांगते, आमच्याकडे एसटी जानेवारीत वाढली, २५ जानेवारीपासून १४.९५ टक्के. मी रोज तालुक्याहून सांगलीला येते. आमच्या इथल्या बातमीत कुणीतरी सरळ २५ दिवस गुणिले फरक असं करून आकडा दिला होता पण एसटीच्या मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं, मग पासवाल्याचं गणित २० दिवसांनीच करायला हवं ना? समजा एका बाजूला ७ रुपये वाढले तर ४० फेऱ्यांचे २८० होतात, पण बातमीतल्या २५ दिवसांच्या हिशोबाने ३५० येतात. आणि बायकांना तिकिटात अर्धी सवलत आहे मार्च २०२३ पासून, तर तिकीट काढणाऱ्या बाईला वाढ पण निम्मीच बसते, हे तर कुणी लिहितच नाही.

डेस्कवाली_ताई

सांगलीची, अगदी बरोबर मुद्दा. गुणाकार करण्याआधी हा माणूस पैसे कसे भरतो ते विचारायचं, रोज तिकीट की पास. नवखा, तुझ्या बातमीत हे पासवाल्यांच्या बाबतीत लागू पडतं आणि तिथे मजेशीर उलटापालट झालीय. अमर्याद प्रवासाचा महिन्याचा पास ९०० चा १८०० झाला. आता एक माणूस घे जो एसीने पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात रोज जातो-येतो. आधी तिकिटं काढली असती तर ३८ गुणिले २५ म्हणजे ९५० झाले असते, म्हणून तो ९०० चा पास काढायचा. आता तिकिटांचे ६० गुणिले २५ म्हणजे १५०० होतात आणि पास १८०० चा. म्हणजे रविवारी वगैरे फार फिरत नसेल तर तो पास सोडून तिकिटावर येणार. त्याची खरी वाढ ९०० नाही, ६०० आहे. "पासधारकांना ९०० चा फटका" असं लिहिलंस तर ते फक्त जो पास चालूच ठेवेल त्याच्यासाठी खरं.

तुझा मालाडवाला मात्र पास काढतच नसणार, कारण त्याचे आधी ६०० आणि आता १२०० होतात, दोन्ही वेळा पासापेक्षा कमीच. तरी विचारून घे.

रोजचा_प्रवासी_ठाणे

भाडं वाढवलं ते ठीक, पण बस वेळेवर येते का? आमच्या थांब्यावर पाऊण पाऊण तास उभं राहायचं आणि मग दोन एकदम येतात. याची तक्रार कुठे करायची हे सांगा आधी, हिशोब नंतर करा.

नवखा_वार्ताहर

दादा तुमचा त्रास समजतो पण ती वेगळी बातमी होईल, मला आता फक्त खर्चाचं करायचंय. वेगळा धागा काढा ना, मी पण येतो तिकडे.

कुर्लेकर७७

ताईंचं मान्य, टप्प्याटप्प्याने वेगळं आहे. पण अजून एक सांगतो, लोकलचा पास तर वाढलाच नाही. मग त्या मालाडवाल्याचा एकूण प्रवासखर्च कुठे दुप्पट झाला? बसचा झाला, लोकलचा पास धरला की टक्के खाली येतात.

डेस्कवाली_ताई

हे मस्त सांगितलंत. "प्रवासखर्च" आणि "बसचा खर्च" हे दोन वेगळे, बातमीत बसचाच खर्च लिहायचा आणि एका वाक्यात सांगायचं की लोकलचा पास आहे तसाच आहे. टक्के बदलतात, ६०० रुपये मात्र तेच राहतात, म्हणून तर मी टक्क्यांपेक्षा रुपये पुढे ठेव म्हणतेय.

जुना_बातमीदार

थोडं मागचं पण टाका रे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ वरून ५ वर आणलं होतं आणि एसीचं थेट २० वरून ६ वर. त्यामुळे ५ चे १० दुप्पट दिसतात, पण २०१९ च्या आधीच्या ८ शी लावून बघितलं तर दोनच रुपये जास्त, आणि एसी तर तेव्हाच्या २० पेक्षा अजूनही स्वस्त आहे. बेस्टची बाजू यात येते, तीही वाचकाला कळायला हवी.

डेस्कवाली_ताई

शेवटच्या परिच्छेदात जरूर, पण वर नको. ज्याचं महिन्याचं बजेट सहा वर्षं ५ आणि ६ वर बसलंय त्याला २०१९ च्या आधीचं सांगून ६०० रुपये कमी होत नाहीत.

जुना_बातमीदार

वर नको हे मला पटत नाही. संदर्भ तळाशी गेला की जागा कमी पडल्यावर पहिला तोच कापला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ तरी हवी.

नवखा_वार्ताहर

दोघांचंही ऐकून सुरुवात अशी केलीय, बघा जरा:

"मालाड पूर्वेहून नरिमन पॉइंटला नोकरीला जाणारा एक प्रवासी स्टेशनच्या दोन्ही बाजूंना बेस्टची एसी बस घेतो. दिवसाला चार बस. ९ मेपासून प्रत्येक तिकिटाचे ६ चे १२ झाल्याने महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर त्याला ६०० रुपये जास्त मोजावे लागणार आहेत. साध्या बसने हीच वाढ ५०० रुपये होते. याउलट एकाच एसी बसने पाच ते दहा किलोमीटर जाऊन येणाऱ्याला ३५० रुपये जास्त पडतील. लोकलच्या पासात बदल नाही."

२५ दिवस असं उघड लिहिलंय म्हणजे ज्याला शनिवार सुट्टी आहे तो आपला हिशोब २२ ने करेल, त्याचे एसीचे ५२८ येतात. २०१९ ची ओळ तिसऱ्या परिच्छेदात टाकतोय.

डेस्कवाली_ताई

छान झालंय. फक्त तो चारही बस एसीच घेतो का हे फोन करून पक्कं कर. बऱ्याच मार्गांवर एसी आणि साध्या दोन्ही धावतात आणि माणूस जी पहिली येईल तिच्यात चढतो. तसं असेल तर "५०० ते ६०० च्या दरम्यान" लिही.

सांगलीची_मुलगी

आणि चलो ऍपवर ते ठराविक फेऱ्यांचे सुपर सेव्हर प्लॅन असतात ना बेस्टचे, तो घेत असेल तर एका फेरीचे १२ पडणारच नाहीत. ते पण विचार.

नवखा_वार्ताहर

हो ते विचारलंच नव्हतं. फोन लावलाय, उचलत नाहीये, लोकलमध्ये असेल. संध्याकाळी विचारून इथे टाकतो. प्लॅनवाला निघाला तर एका फेरीला आधी किती आणि आता किती हे त्याच्या ऍपमधूनच काढावं लागेल ना?

डेस्कवाली_ताई

हो, प्लॅनची रक्कम भागिले त्याने खरंच वापरलेल्या फेऱ्या. प्लॅनमध्ये दिलेल्या फेऱ्यांनी भागू नकोस, न वापरलेल्या फेऱ्यांचे पैसे पण त्याच्याच खिशातून गेलेले असतात.