मदत हवी आहे: टाकायासूच्या पेशंटचा बीपी कुठे मोजावा?

वय 24, वजन 45 किलो, शेतमजूर. डाव्या मनगटाची नाडी लागत नाही. बीपी डाव्या हाताला 90/60, उजव्या हाताला 156/98. प्रेडनिसोलोन 40 मिग्रॅ, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट 15 मिग्रॅ आणि फॉलिक ॲसिड चालू आहे. गावात डाव्या हाताला मोजून “बीपी कमी” म्हणत ॲम्लोडिपिन बंद केलं; खरा आकडा उजव्याचा, म्हणून पुन्हा सुरू केलं. आता उजवी नाडीही मंद लागतेय, म्हणजे तो हातही भरवशाचा राहिला नाही. मांडीचा मोठा कफ उपकेंद्रात नाही. नेहमीचा कफ पोटरीला बांधून चालेल का? ईएसआर 70 वरून 18 झाला, पण तेवढ्यावर स्टिरॉइड उतरवायची हिंमत होत नाही. नागपूर-सेवाग्रामला एमआर अँजिओ लवकर कुठे होईल?