मदत हवी आहे: मॅरेथॉनच्या सरावाच्या वहीत लिहायला चिकाटीची कोरडी, कामाची वचने

सोळा_आठवडे

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मॅरेथॉनचा सराव सुरू करतेय, सोळा आठवड्यांचा. रोजच्या धावण्याची वही ठेवते: अंतर, वेळ, झोप, काय दुखलं. दर आठवड्याच्या पानावर वर एक ओळ लिहायची आहे, चिकाटीबद्दल. "स्वप्नांना पंख दे" छापाची नको. पहाटे पावणेपाचला असली ओळ वाचली की मी परत पांघरूण ओढते.

मागच्या वेळी वहीत "थांबला तो संपला" लिहिलं होतं. अकराव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. मी थांबले नाही. दोन आठवड्यांनी हाडाला बारीक तडा निघाला आणि सहा आठवडे धावणं बंद. स्पर्धा हुकली ती हुकलीच. म्हणून या वेळी ओळ निवडतानाच विचारते आहे.

वाळूचे_कण

ताई, चिकाटीसाठी तुकोबांची यापेक्षा सरस ओळ नाही: "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे." शिवाय टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दुखणं हा सरावाचाच भाग आहे, घाबरू नका.

जुना_पाय

वाळूचे_कण, ओळ छान आहे, पण ती तुकोबांची नाही. ती वामन पंडितांची, भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं मराठी रूप. आणि आपण सगळे पहिल्या ओळीवरच थांबतो. पुढे काय म्हटलंय? वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे हा श्लोक चिकाटीचं कौतुक करतच नाही. हट्टी माणसाला समजावणं किती अशक्य, हे सांगायला वाळूचा दाखला आणलाय.

सोळा_आठवडे, मी तर म्हणतो हा श्लोक पुरा लिहा, अकराव्या आठवड्याच्या पानावर. मागच्या वेळी तिथेच गाडी अडली होती.

टाकीच्या घावांबद्दल मात्र सांभाळून. मांड्या आणि पोटऱ्या दोन्ही पायांत सारख्या, पसरट दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत उतरत असतील, तर तो घाव सोसण्याजोगा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, धावताना दर किलोमीटरला वाढत असेल, त्याच पायावर उडी मारली की दुखत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर ती टाकी नाही. तिथे धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. मूर्तिकारालाही दगडाला चीर गेली की हात आवरावा लागतो.

सोळा_आठवडे

बोट ठेवल्यावर कळ, अगदी हेच होतं. नडगीच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढी जागा. मी त्यावर बर्फ लावून 26 किलोमीटर धावले होते. श्लोक पुरा लिहिते. मूर्ख कोण, ते पानावर लिहायची गरज नाही.

फिटनेस_फर्स्ट

मी चार महिन्यांत नऊ किलो कमी केले, फक्त संध्याकाळचं जेवण लवकर करून. ओळ लिहायचीच तर "आज नाही तर कधीच नाही" लिहा. मी आरशावर चिकटवली आहे.

सोळा_आठवडे

अभिनंदन! पण माझा प्रश्न वजनाचा नाही. आणि "आज नाही तर कधीच नाही" वाचूनच तर मी विश्रांतीच्या दिवशीही धावत होते.

जुना_पाय

तुकोबाच हवे असतील तर "ओलें मूळ भेदी खडकाचें अंग" हा अभंग घ्या. सगळे "असाध्य ते साध्य" लिहितात, तेही चांगलं आहे, पण त्यात कसं करायचं ते दिसत नाही. इथे दिसतं. मूळ खडकावर धडका मारत नाही. ओलं राहतं आणि दररोज थोडं सरकतं. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत, गप्पा मारता येतील इतक्या हळू धावायच्या दिवसांत, ही ओळ शोभते. त्याच अभंगात पुढे "दोरें चिरा कापे" आहे. दोर दगडापेक्षा मऊच, पण रोज घासून त्यात खाच पाडतो.

आणि एक गंमत. त्याच अभंगात म्हटलंय की सवयीने विषही पचतं. लांब धावताना एनर्जी जेल खाऊन पोट ढवळणाऱ्यांनी ही ओळ जरूर लिहावी. पोटालाही सवय लावावी लागते. जेल पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशीच तोंडात घातलं तर काय होतं, ते मी 28व्या किलोमीटरला झुडपामागे बसून शिकलो आहे.

अर्धवट_मॅरेथॉनर

मला वाटतं वचनापेक्षा म्हण जास्त कामाची. मी पहिल्या स्पर्धेत साडेचार तासांचं ठरवलं होतं. म्हणजे किलोमीटरला साधारण 6 मिनिटं 24 सेकंद. गर्दी, ढोल, उत्साह. पहिला अर्धा भाग 2 तास 4 मिनिटांत उरकला, ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं आधी. वाटलं, चला, शिल्लक पडली. 31 किलोमीटरनंतर पाय लाकडाचे झाले. दुसऱ्या अर्ध्याला 2 तास 51 मिनिटं लागली. एकूण 4:55. अकरा मिनिटं वाचवली आणि छत्तीस मिनिटं भरली.

तेव्हापासून वहीच्या पहिल्याच पानावर "अंथरूण पाहून पाय पसरावे" आहे. घरच्यांना वाटतं पैशांबद्दल आहे.

वाळूचे_कण

वामन पंडितांचं माहीत नव्हतं, मान्य. पण एक म्हणतो, दुखलं की थांबा असंच लिहीत बसलं तर माणूस 32व्या किलोमीटरला थांबेल. तिथे सगळंच दुखतं. तिथे "केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे" हीच ओळ लागते.

जुना_पाय

तेही खरं. 32व्या किलोमीटरला पायांतला साखरेचा साठा बहुतेक संपलेला असतो, तेव्हाचा थकवा आणि हाडाची कळ यांची गल्लत नको. पण "आधी केलेचि पाहिजे" मी स्पर्धेपेक्षा पावसाळी मंगळवारसाठी ठेवेन. बूट घालायचे, दहा मिनिटं धावायचं, मग ठरवायचं. दहा मिनिटांनंतर परत आल्याचं माझ्या वहीत क्वचितच दिसतं.

सोळा_आठवडे

तर आत्तापर्यंत: पहिले सहा आठवडे ओलं मूळ, लांब धावण्याच्या रविवारी विष पचण्याची ओळ (आईने वही पाहिली तर समजवावं लागेल), अकराव्याला पुरा श्लोक, स्पर्धेच्या पानावर अंथरूण.

शेवटचे तीन आठवडे रिकामे आहेत. तेव्हा अंतर कमी करायचं असतं आणि माझे हात-पाय शिवशिवतात. कमी धावण्याची चिकाटी सांगणारी ओळ कुणाकडे आहे? "अति तेथे माती" नको, ती वाचून वाचून गुळगुळीत झाली आहे.

अर्धवट_मॅरेथॉनर

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." गुडघाही आला त्यात.

वाळूचे_कण

ही चिकाटीची कुठे झाली?

सोळा_आठवडे

चौदाव्या आठवड्याला लिहून ठेवली. पंधरा आणि सोळा अजून रिकामे आहेत.