मदत हवी आहे: वीज गेल्याने फ्रोझन खोलीतला माल खराब झाला, सर्वेअर म्हणतात दोष मशीनचाच

पाणंद
नमस्कार मंडळी. आमची उणे २० ची छोटी फ्रोझन खोली आहे. त्यात स्वतःचाच माल ठेवतो, मटार आणि मक्याचे दाणे. घटना घडली तेव्हा जेमतेम दोन टन होता. रात्री ११:१० ला वीज गेली. वीज कंपनीच्या नोंदीप्रमाणे ती २:२५ ला परत आली, म्हणजे सव्वातीन तास. पण सकाळी ७:४० ला कामगाराने खोली उघडली तेव्हा कॉम्प्रेसर बंदच होता. पॅनेलवरचं बटण दाबल्यावर तो सुरू झाला. तोपर्यंत हवा उणे ४ वर गेली होती. बाहेरच्या थरातल्या पिशव्या हाताला मऊ लागत होत्या.

साठा खराब होण्याचा विमा आहे, त्यात सार्वजनिक वीजपुरवठा बंद पडणं धरलेलं आहे. सर्वेअरचे दोन आक्षेप आहेत. सव्वातीन तासांत एवढं तापमान चढत नाही, हा एक. आणि १९ दिवसांपूर्वीच्या सर्व्हिस रिपोर्टात 'गॅस टॉप-अप, लीक सापडला नाही' असं लिहिलंय, म्हणजे मशीन आधीच आजारी होतं, हा दुसरा. लॉगर बॅटरीवर चालतो, दर १५ मिनिटांनी नोंद करतो. त्यातले काही रिकामे रकाने काढून एक्सेल फाइल दिली होती. काय करू?

थंडहवा
उणे १८ च्या वर गेलं की फ्रोझन माल संपला. सगळ्या दोन टनांचा दावा लावा, मागे हटू नका.

गेज_आणि_पाना
थंडहवा, हे अर्धंच खरं आहे. लॉगर हवेचं तापमान मोजतो, खोक्याच्या आतलं नाही. हवा उणे ४ असली तरी थप्पीच्या मध्यातला माल उणे १२ ला असू शकतो. पाणंद, प्रत्येक थरातलं एक खोकं उघडून आत प्रोब खुपसून मोजलं होतं का? मटार सुटे राहिले की त्यांचा गोळा झाला, पिशवीच्या आत बर्फाचा चुरा जमला का, हे पण सांगा. वितळून पुन्हा गोठलेला माल तसाच दिसतो.

आता लॉगकडे वळू. काढलेले रकाने आधी परत आणा. लॉगरमधून मूळ फाइल पुन्हा उतरवा आणि तीच द्या. रिकामा रकाना दिसला तर सर्वेअर एखादा प्रश्न विचारेल, पुसलेला दिसला तर कुठल्याच रकान्यावर विश्वास ठेवणार नाही. लॉगरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एका फोटोत घ्या, किती मिनिटांचा फरक आहे ते कळेल.

मग एक गोष्ट बघा. तुमचा डीफ्रॉस्ट टायमर यांत्रिक आहे का, चकती फिरणारा?

पाणंद
हो, तोच. दर सहा तासांनी. लॉगमध्ये पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री १० ला नेमकी उडी दिसते.

प्रोब सकाळी ९ ला लावला होता. बाहेरच्या थरात उणे १.५ ते उणे ३, मधल्या थरात उणे ११. बाहेरच्या मटारांचा गोळा झालाय, मधले सुटे आहेत.

गेज_आणि_पाना
मग साक्षीदार तुमच्या पॅनेलमध्येच बसलाय. या टायमरला वीज नसली की चकती जागच्या जागी थांबते, आणि वीज आली की तिथूनच पुढे फिरते. म्हणजे जितका वेळ टायमरला वीज नव्हती, तितका पुढचा प्रत्येक डीफ्रॉस्ट सरकतो. साडेआठ तास वीज नसती तर पहाटे ४ चा डीफ्रॉस्ट दुपारी १२:३० ला आला असता. फक्त सव्वातीन तास नसेल तर तो ७:१५ ला, आणि पुढचा १:१५ ला. त्या दिवशी दुपारी उडी कधी आहे?

पाणंद
दुपारी १:१५. त्यानंतर संध्याकाळी ७:१५. आणि सकाळी ७:१५ नंतरही रेष एकदम वर जाते. मला वाटलं होतं कुणी दार उघडलं असेल.

गेज_आणि_पाना
ते दार नाही, तो हीटर. खोली गरम होत असताना डीफ्रॉस्टही चालू झाला. म्हणजे २:२५ ला टायमरच्या फेजवर वीज आलीच होती, वीज कंपनीची नोंद बरोबर. कॉम्प्रेसर मात्र थांबलेला होता. तुम्ही बटण म्हणता ते सिंगल फेज प्रिव्हेंटरचं असणार.

हिमकण
आमच्या आइस्क्रीमच्या खोलीत असंच झालं होतं. वास येईल म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी माल पुरला. फोटो होते, पण खोकी मोजायला काही उरलंच नाही. दावा अगदी थोडा मान्य झाला. जनरेटरचीही वेगळी पॉलिसी लागते का?

गेज_आणि_पाना
हिमकण, जनरेटरचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी नवा धागा काढा. पण माल सर्वेअरच्या लेखी होकाराशिवाय हलवू नये, हे पाणंदलाही लागू आहे.

तिसरा_फेज
मी वायरमन. प्रिव्हेंटर दोन कारणांनी थांबवतो. एक, वीज आली पण एक फेज आलाच नाही किंवा खूप कमी व्होल्टेजने आला. टायमर आणि हीटर उरलेल्या फेजवर चालू राहतात, कॉम्प्रेसर नाही. तसं असेल तर पुरवठा ७:४० पर्यंत अपुराच होता. दोन, वीज येताना क्षणभर गडबड झाली, रिले पडला आणि मग तिन्ही फेज नीट असूनही हाताने रिसेट होईपर्यंत पडूनच राहिला. बटण दाबताच कॉम्प्रेसर उचलला, म्हणजे ७:४० ला तिन्ही फेज होते. २:२५ ते ७:४० मध्ये होते का, ते तुमचा मीटर सांगेल. थ्री फेज इलेक्ट्रॉनिक मीटर फेज गेल्याची नोंद वेळेसकट ठेवतो. वीज कंपनीकडे त्या रात्रीच्या मीटर नोंदीचा लेखी अर्ज करा, आजच करा, जुन्या नोंदींवर नव्या चढतात.

गेज_आणि_पाना
बरोबर. आता गॅसचा आक्षेप. लॉगमध्ये डीफ्रॉस्टनंतर खोली पुन्हा उणे २० ला यायला किती वेळ घेते ते बघा. टॉप-अपच्या आधीचे आठवडे आणि नंतरचे १९ दिवस, दोन्ही.

पाणंद
टॉप-अपच्या आधी वेळ वाढत वाढत सव्वा तासावर गेला होता. टॉप-अपनंतर सगळे दिवस अर्ध्या-पाऊण तासात. वीज गेली त्या रात्रीच्या १० च्या डीफ्रॉस्टनंतरही पाऊण तासात उणे २० झालं होतं.

गेज_आणि_पाना
मग त्या रिपोर्टाच्या शेजारी हाच आलेख लावा. गॅस पुन्हा कमी झाला असता तर हा वेळ दिवसागणिक वाढताना दिसला असता. लीक सापडला नाही म्हणजे लीक नव्हताच, असं मी म्हणणार नाही, पण त्या रात्री मशीन नीट थंड करत होतं, एवढं यातून दिसतं. आणि खोली बरीचशी रिकामी असल्याने ती लवकर तापली, तेही लिहा. भरलेली खोली इतकी भरभर चढली नसती.

पाणंद
एक गोष्ट अजून सांगितली नव्हती. मागच्या वार्षिक सर्व्हिसच्या कागदावर तंत्रज्ञाने लिहिलंय, 'प्रिव्हेंटर हाताने रिसेट होणारा आहे, आपोआप रिसेट होणारा लावावा.' आम्ही लावला नाही. हा कागद देऊ का?

थंडहवा
अजिबात देऊ नका.

गेज_आणि_पाना
द्या. सर्व्हिसवाल्याकडे त्याची प्रत असतेच, आणि मागवलेले कागद लपवल्याचं कळलं तर बाकीचा चांगला पुरावाही हातचा जाईल. मीटरमध्ये फेज गेल्याची नोंद निघाली तर या ओळीचं वजन कमी होतं, कारण आपोआप रिसेट होणारा प्रिव्हेंटरही फेज नसताना कॉम्प्रेसर लावत नाही. नोंद निघाली नाही तर ही ओळ तुमच्या विरुद्ध जाईल, हे आधीच धरून चाला.

तिसरा_फेज
माझं मत थोडं वेगळं. रिले पडला तोही पुरवठ्यामुळेच, स्वतःहून नाही. पॉलिसीत शब्द नेमके काय आहेत? 'पुरवठा बंद असताना' की 'पुरवठा बंद पडल्यामुळे'?

पाणंद
'पुरवठा बंद पडल्यामुळे' असं आहे. मीटरचा अर्ज आज दुपारी दिला, पोच घेतली. दावा फक्त बाहेरच्या थरापुरता करणार आहे, मधल्या खोक्यांवर तारीख टाकून ती वेगळी ठेवली आहेत. मीटरची नोंद आली की इथेच टाकतो.